शौचानंतरची खाज: धुऊन धुऊन वाढवलेलं दुखणं

फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात तो खुर्चीच्या अगदी कडेला, एका मांडीवर भार देऊन बसला. वय ४१, धंदा पर्यटक टॅक्सीचा, दिवसाचे दहा-दहा तास सीटवर. दरवाजा नीट लागलाय ना हे त्याने दोनदा पाहिलं आणि मग म्हणाला, "दोतोर, शौचाला जाऊन आलो की मागे अशी खाज सुटते की गाडी बाजूला घ्यावी लागते. जंतच असणार. गोळी तीनदा घेतली, तरी जात नाहीत."

चार महिन्यांची खाज, जंतांची गोळी तीनदा, एक मलम, जंतुनाशक, साबण, वेट वाइप्स असं सगळं करून झालं होतं. मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो खाजेचा नव्हे, धुण्याचा. शौचाला गेल्यापासून पँट वर घेईपर्यंत नेमकं काय काय करता, एकही गोष्ट न गाळता सांगा. लोकांना हे सांगायला लाज वाटते, पण निम्मं निदान तिथेच होतं.

त्याने सांगितलं ते असं. दिवसातून तीनदा शौच. जेट पूर्ण जोरात. मग अंगाच्या साबणाने बोट फिरवून आतपर्यंत धुणं. मग मगभर पाण्यात झाकणभर जंतुनाशक, ते ओतायचं. मग टिश्यूने "कोरडं ठक्क होईपर्यंत" घासायचं. बाहेर असलं की गाडीत ठेवलेले सुगंधी वाइप्स. खाज आली की पुन्हा धुणं. असं दिवसाला सात-आठ वेळा. एप्रिलमध्ये चार दिवस जुलाब झाले होते, तेव्हा जागा सोलवटली आणि ही सवय लागली. जुलाब थांबले, सवय थांबली नाही.

त्याला जंत नव्हते. खाज टिकून होती ती मुख्यतः त्याच्या स्वच्छतेमुळे. मोठ्या माणसांत शौचानंतरची खाज बघितली तर हे चित्र मला सगळ्यात जास्त वेळा दिसतं, म्हणून त्याच्याच उदाहरणाने पुढे जाऊ.

खाज नेमकी का सुटते

गुदद्वाराभोवतीची कातडी पातळ असते आणि तिला चुण्या असतात, पिशवीची नाडी ओढल्यावर पडतात तशा. शौच पातळ किंवा चिकट असेल तर त्याचा बारीक अंश या चुण्यांत राहतो. त्यात पचनाचे रस असतात, ते कातडीला चावतात. हे एक कारण.

दुसरं कारण नेमकं उलटं. कातडीवर तेलकट, किंचित आम्लधर्मी असा एक थर असतो, तोच तिचा रेनकोट. अंगाचा साबण अल्कधर्मी, तो हा थर धुऊन नेतो. जोराचा जेट चुण्यांत पाणी भरतो आणि ते पाणी तिथेच राहतं. घासलेल्या टिश्यूने बारीक ओरखडे पडतात. आता अशा उघड्या कातडीवर पुढचं शौच आलं की आधीपेक्षा जास्त चावतं. माणसाला वाटतं, अजून घाण राहिलीय. तो आणखी धुतो.

आणि खाजवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण कातडी जाड आणि हळवी होत जाते. मग साधा घाम, चड्डीची शिवणसुद्धा खाज उठवायला पुरते. गोव्यात त्यात हवेची भर. जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडे वाळतच नाहीत, चड्डी अर्धी ओलीच अंगावर चढते, आणि वर रेक्झिनची सीट.

घाण राहते की राहत नाही, हे आधी ठरवा

ही चाचणी घरी करता येते आणि ती केल्याशिवाय उपाय सुरू करू नये. शौचाला जाऊन, नेहमीसारखं धुऊन, कोरडं करून या. अर्ध्या तासाने पांढरा कापूस पाण्यात भिजवून, पिळून, जागेवर हलकेच टेकवा. घासायचं नाही, आत घालायचं नाही. कापूस बघा. तीन दिवस हेच करा.

कापूस तीनही दिवस स्वच्छ निघाला तर तुमची जागा स्वच्छ आहे, खाज घाणीची नाही. आणखी धुण्याने काही मिळणार नाही, उलट कमी धुवायला हवं. कापसावर पिवळट-तपकिरी डाग आला तर धुणं कमी पडलं असा अर्थ लगेच काढू नका. बहुतेक वेळा धुणं पुरेसंच असतं, पण शौच मऊ असल्यामुळे थोडं आत राहतं आणि चालता-बसता बाहेर झिरपतं. हे बाहेरून कितीही धुतलं तरी थांबत नाही. तिथे उपाय पोटाचा, म्हणजे शौच घट्ट आणि सलग करण्याचा. टॅक्सीवाल्याचा कापूस तीनपैकी दोन दिवस फिकट पिवळा आला. म्हणजे त्याला दोन्ही होतं, झिरपणंही आणि अतिधुणंही.

कापसावर रक्त दिसलं तर ही चाचणी तिथेच थांबवा. त्याचं शेवटी सांगतो.

धुण्याची पद्धत बदला

आधी साबण बंद. गुदद्वाराला साबण लागतच नाही, पाणी पुरतं. आंघोळ करताना पाठीवरून ओघळणारा फेस तिथे आला तर भरपूर पाण्याने घालवा. जंतुनाशक बंद, ते फरशीसाठी आणि जखमेवर डॉक्टरने सांगितलं तर. गुलाबाचं, चंदनाचं, 'हर्बल' लिहिलेलं काहीही बंद. वेट वाइप्स बंद, 'सेन्सिटिव्ह' किंवा 'बेबी' लिहिलेले असले तरी. ते महिनाभर ओले राहावेत, बुरशी धरू नये म्हणून त्यांत टिकवणारी रसायनं घालतात, आणि त्यांतल्या काहींची ॲलर्जी याच जागेवर उठते. रंगीत, वासाचा टिश्यूसुद्धा नको.

मग धुवायचं कसं? शक्य असेल तिथे मग घ्या, पाणी कोमट किंवा साधं. जेट असेल तर नळ अर्ध्याहून कमी उघडा आणि तळहातावर धार घेऊन बघा, टोचली तर ती जास्तच आहे. धार बाहेरून, तिरकी. आत पाणी मारायचं नाही, कारण आत गेलेलं पाणी पंधरा मिनिटांनी शौचाचा अंश घेऊन बाहेर येतं आणि तुम्हाला वाटतं की नीट धुतलंच नव्हतं. बायकांनी पुढून मागे धुवावं. बोटाचा मऊ भाग लावा, नख नाही. अर्धा मिनिट पुरे. शौचानंतर एकदा आणि आंघोळीत एकदा, यापलीकडे खाज आली म्हणून धुवायचं नाही.

त्यानंतर कोरडं करणं. खरं महत्त्व याला आहे आणि आपल्याकडे नेमकं हेच कोणी करत नाही, धुतलं की तसंच चड्डी वर. जुन्या धोतराचा किंवा साडीचा मऊ सुती तुकडा घ्या, चार बोटं रुंद असे दहा-बारा कापून ठेवा. जागेवर टेकवा, दाबा, उचला. पुसायचं नाही. मग दोन मिनिटं पंख्याखाली पाय फाकून बसा. केस वाळवायचं यंत्र घरात असेल तर थंड हवेवर ठेवून हातभर अंतरावरून चालतं. गरम हवेवर अजिबात नको, भाजल्याच्या केसेस मी बघितल्यात. वापरलेले तुकडे रोज गरम पाण्यात धुवा आणि पावसात इस्त्री फिरवून वाळवा.

कोरडं झाल्यावर शेवटचं काम म्हणजे पातळ थर. साधं पेट्रोलियम जेली, किंवा लहान बाळांच्या पार्श्वभागाला लावतात ते झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम. वाटाण्याएवढं घेऊन बोटावर पसरवा आणि टेकवत लावा. थर इतका पातळ हवा की चमक दिसावी, लेप दिसू नये. जाड लेपाखाली घाम अडकतो. हा थर पुढच्या शौचापासून कातडीला वाचवतो, म्हणून शक्य असेल तर शौचाला जाण्याआधीही थोडा लावावा. बहुतेकांना हे उलटं वाटतं, पण कातडी सोललेली असताना आधी लावलेला थरच जास्त कामाचा.

खोबरेल तेल चालेल का, हा प्रश्न गोव्यात हमखास येतो. साधं, घाण्याचं, वास नसलेलं असेल तर चालतं, पण ते लवकर पुसलं जातं. त्यात कापूर घातलेला असेल तर नको, ओरखड्यांवर कापूर आग करतो. लिंबू, लसणाचा रस, तुरटीचं पाणी, हळदीचा लेप, मीठ घातलेलं गरम पाणी, हे सगळं मी लोकांनी लावलेलं बघितलं आहे आणि पुढचे चार दिवस त्यांना बसता आलेलं नाही. लसूण ठेचून लावला तर कातडी अक्षरशः भाजते.

खाज उठली त्या क्षणी काय करायचं

धुण्याची सवय सोडवायची तर त्या जागी दुसरं काहीतरी हवं, नाहीतर माणूस नखं वापरतो. सुती कापड गार पाण्यात भिजवून, पिळून, पाच मिनिटं टेकवून ठेवा. बर्फ थेट लावू नका. गार होणं ही भावना खाजेच्या भावनेवर मात करते, आणि पाच मिनिटांत लाट उतरते. मग कोरडं करा, पातळ थर लावा.

टबमध्ये बसणं, ज्याला लोक गरम पाण्याची शेक म्हणतात, ते मूळव्याधीत आणि फिशरमध्ये आराम देतं, खाजेत जपून. पाणी कोमट, हाताच्या मनगटाला गरम न लागणारं, दहा मिनिटं, दिवसातून एकदा. त्यात काहीही घालायचं नाही. कढत पाण्याने खाज त्या वेळी थांबल्यासारखी वाटते आणि अर्ध्या तासाने दुप्पट होऊन येते.

दिवसा घाम शोषण्यासाठी कापसाची बोटाएवढी पट्टी दोन्ही कुल्ल्यांच्या फटीत ठेवता येते, दिवसातून दोन-तीनदा बदलून. टॅक्सीवाला आधी हसला, पण नंतर त्याला सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. चड्डी सुती, सैल आणि पूर्ण वाळलेली. रात्री नखं कापलेली हवीत. झोपेत खाजवणं होत असेल तर सुती हातमोजे घाला, दिसायला विचित्र, पण आठ दिवसच घालायचे असतात. झोप येणारी ॲलर्जीची गोळी काही दिवस डॉक्टर देतात, पण त्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत राहू शकते. विमानतळाचं पहाटेचं भाडं घेणाऱ्याला ती मी दिली नाही.

मलमांचा घोळ

त्याने खिशातून काढलेली ट्यूब मी लगेच ओळखली. 'दाद, खाज, खरूज' सगळ्यावर एकच, फार्मसीत मागितली की मिळते. अशा ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं एकत्र असतात, बुरशीवर एक, जिवाणूंवर एक, आणि तिसरं जोरदार स्टेरॉइड. खाज दोन दिवसांत जाते ती त्या स्टेरॉइडमुळे. मग माणूस ती महिनोन्‌महिने लावतो. या जागेची कातडी मुळात पातळ, स्टेरॉइडने आणखी पातळ, चकचकीत होते, चिरते. आणि मुळात गजकर्ण असेल तर स्टेरॉइडखाली ते दबल्यासारखं दिसतं आणि पसरत राहतं, जांघेपर्यंत, कुल्ल्यांवर.

अशी ट्यूब लावत असाल तर बंद करण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाज आणि लाली वाढते. 'हे औषधच मला लागत होतं' असं वाटून लोक पुन्हा लावतात. ती वाढ औषध सुटल्याची असते. कातडीची परीक्षा करून डॉक्टर त्या काळासाठी सौम्य, १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम देतात, दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त दोन आठवडे. गजकर्णाची कड दिसत असेल, म्हणजे गोल, उठलेली, खवल्यांची किनार, तर तेही नको, तिथे फक्त बुरशीचं औषध. जागा बधिर करणारी, मूळव्याधीसाठी मिळणारी मलमं पण स्वतःहून दोन-तीन दिवसांवर लावू नका. बधिर करणाऱ्या औषधाचीही ॲलर्जी होते आणि ती खाजेच्याच रूपात येते.

मसाला, आंबट, चहा आणि बिअर

मिरचीचा तिखटपणा ज्या पदार्थामुळे असतो तो पूर्ण पचत नाही. त्याचा काही भाग खाली येतो. जिभेवर तिखट लागतं ते ज्या संवेदनांच्या टोकांमुळे, ती टोकं गुदद्वारापाशीही असतात आणि ती गरम वस्तूलाही तसाच प्रतिसाद देतात. म्हणून शौचाला 'आग' होते हा नुसता वाक्प्रचार नाही. धडधाकट कातडीवर ही आग पाच-दहा मिनिटांत जाते. ओरखडलेल्या कातडीवर ती खाजेची नवी फेरी सुरू करते.

आपल्या स्वयंपाकात मिरचीबरोबर व्हिनेगर येतं. रेशाद मसाला भरलेला बांगडा, बालचांव, चोरीस. काहींना आंबटाने, टोमॅटोने, लिंबाने खाज वाढते. शाकुतीत मसाल्यापेक्षा तेल आणि तिखटाचं प्रमाण बघा. पण लोक मिरचीवर संशय घेऊन मासे सोडतात आणि दिवसाला सात कप चहा, दोन कप कॉफी तसाच चालू ठेवतात. कॉफीने काही जणांच्या गुदद्वाराची पकड जरा सैल होते आणि झिरपणं वाढतं. बिअरने शौच पातळ होतं. माझ्या टॅक्सीवाल्याच्या बाबतीत मिरचीपेक्षा ही जोडी जास्त दोषी निघाली.

ते कसं निघालं, ते बघा. दोन आठवडे सगळे संशयित एकदम बंद: कॉफी, कोला, बिअर, चॉकलेट, टोमॅटो, लिंबूवर्गी फळं, व्हिनेगरचे पदार्थ आणि जास्त तिखट. चहा दिवसाला दोन कप, फिका. त्या काळात तो उकड्या तांदळाची पेज, वरण-भात, दुधी, तिखट न घातलेलं खतखतं, तव्यावर नुसत्या हळद-मिठात परतलेला मासा असं खात होता. मासे सोडायची गरज नव्हती. सोलकढी मी त्याला दोन आठवडे थांबवली, कोकमाचा आंबटपणा काहींना बाधतो, सगळ्यांना नाही.

नंतर एक-एक पदार्थ परत आणायचा, तीन दिवसांचं अंतर ठेवून. खाल्लेलं खाली यायला साधारण एक ते दोन दिवस लागतात, त्यामुळे आज रात्री रेशाद खाऊन आज रात्रीच निकाल बघू नका. वहीत तारीख, काय खाल्लं, शौच किती वेळा आणि कसं, खाज दहापैकी किती, एवढंच. त्याची वही सांगत होती की रेशाद बांगड्यानंतर खाज दहापैकी दोन, बिअरच्या दुसऱ्या दिवशी सहा, दोन कप कॉफीनंतर पाच. त्यामुळे बांगडा त्याला परत मिळाला.

झिरपण्यावर इसबगोल. रात्री एक चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात घोळून लगेच प्यायचं, फुगण्याआधी. चार दिवसांनी दोन चमचे. बरेच लोक याला फक्त बद्धकोष्ठाचं औषध समजतात, पण ते पातळ शौचालाही बांधतं. शौच सलग, घट्टसर आलं की मागे काही राहत नाही. पाणी कमी प्यालात तर उलट अडकतं, त्यामुळे दिवसभर पाणी पुरेसं हवं. आणि शौचाला बसून फोन बघणं बंद. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, कुंथल्याने शिरा फुगतात आणि गुदद्वार ओलसर राहतं.

जंत असतील तर कळतं कसं

पोटातले सगळे जंत खाज करत नाहीत. मोठा गोल जंत खाज करत नाही, अंकुशकृमीही नाही. खाज करतो तो सुतासारखा पांढरा, सेंटिमीटरभर लांब सूतकृमी. याची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर अंडी घालते, म्हणून खाज रात्रीची. शौचानंतर आणि दिवसा उन्हात वाढणारी खाज सूतकृमीची नसते, निदान तेवढ्यावरून तसं ठरवू नये. खूप गोड खाल्ल्याने जंत होतात हे आपल्या आज्यांचं म्हणणं खरं नाही, ते होतात अंडी तोंडात गेल्याने. कुत्र्या-मांजरांकडून हा जंत येत नाही.

एका आजीची गोष्ट. दिवसा काहीच नाही, पण रात्री अकरानंतर खाजेने झोप मोडायची. नातवाला, वय ५, ती स्वतःच्या कुशीत झोपवायची. मी तिला चिकटपट्टीची चाचणी सांगितली. सकाळी उठल्याउठल्या, शौचाला आणि आंघोळीला जाण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराच्या कातडीवर दाबून उचलायची आणि काचेच्या पट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यायची. तीन दिवस लागोपाठ, कारण एका दिवशी सुटू शकतं. साध्या शौच-तपासणीत ही अंडी बहुधा सापडत नाहीत, कारण ती आतड्यात नव्हे, कातडीवर घातलेली असतात. मुलाची झोप लागल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरीने बघितलं तर कधी पांढरा धागा हलताना दिसतोही. नातवाच्या दुसऱ्या दिवशीच्या पट्टीवर अंडी निघाली.

उपचार साधा पण त्यात दोन चुका ठरलेल्या. ॲल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, आणि तेवढीच दोन आठवड्यांनी पुन्हा. औषध वाढ झालेल्या जंतांना मारतं, अंड्यांना नाही, म्हणून दुसरी गोळी. ती न घेणं ही पहिली चूक. दुसरी चूक, फक्त मुलालाच देणं. घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी हवी, नाहीतर अंडी घरात फिरत राहतात. दोन वर्षांखालच्या मुलाला, गरोदर बाईला, आणि यकृताचा त्रास असणाऱ्याला डॉक्टरला विचारूनच. शाळेत आणि अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला मुलांना मिळते ती हीच गोळी, पण ती एकच असते. सूतकृमी असेल तर दुसरी लक्षात ठेवायला लागते.

गोळीबरोबर दोन आठवडे सकाळची आंघोळ, कारण रात्री घातलेली अंडी सकाळी धुतली जातात. चड्डी रोज बदला, नखं कापा, चादर गरम पाण्याने धुवा आणि झटकू नका, झटकलं की अंडी हवेत. ही अंडी दमट घरात दोन-तीन आठवडे जिवंत राहू शकतात, आणि आपलं पावसाळी घर याहून दमट काय असणार. टॅक्सीवाल्याने तीनदा गोळी घेतली ती वरच्या कुठल्याही खुणेशिवाय. त्याच्या घरी मूल रात्री खाजवत नव्हतं, त्याची खाजही रात्रीची नव्हती, पट्टीही तीनही दिवस कोरी निघाली.

डॉक्टरकडे कधी

रक्त, गाठ, पू, वेदना, वजन उतरणं, शौचाच्या सवयीत तीन आठवड्यांहून जास्त टिकणारा बदल, ५० च्या पुढे पहिल्यांदाच आलेली खाज, यांपैकी काहीही असेल तर धुण्याच्या पद्धतीवर वेळ घालवू नका. कातडीवर पांढरट, पातळ, चकचकीत चट्टे किंवा औषधांना न जुमानणारा लाल, ओला चट्टा असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, कधी कातडीचा तुकडा तपासावा लागतो. मुलाच्या गुदद्वाराभोवती लालभडक, दुखणारी कडी असेल तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो, त्याला अँटिबायोटिक लागतं, जंताची गोळी नव्हे. मोठ्या माणसाला लाल, जळजळणारी पुळ्यांची खाज असेल तर रक्तातली साखर बघा. मधुमेहात बुरशी इथे सहज धरते. वरचं सगळं नीट करून चार ते सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जा.

टॅक्सीवाल्याची साखर ठीक निघाली. पहिला आठवडा वाईट गेला, ट्यूब सुटल्यामुळे. दुसऱ्या आठवड्यात खाज दहापैकी आठवरून पाचवर आली, कापूस स्वच्छ निघू लागला. सहाव्या आठवड्यात एक. चवथीच्या दिवसांत पाहुण्यांबरोबर बिअर झाली आणि दोन दिवसांनी खाज परत आली. त्याने कापड गार पाण्यात भिजवून टेकवलं, दोन दिवस पेज खाल्ली, इसबगोल एकाचे दोन चमचे केले. जेट पूर्ण उघडावासा वाटला होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. तो नळ त्याने आता अर्ध्यावर बांधून टाकला आहे, सुतळीने.